नऊ रूपांमागचा न उच्चारला जाणारा ‘प्’

‘कृ’ धातू वर्तमानकाळात चालवा, असा प्रश्न आला की शाळेच्या वहीत एक चूक हमखास सापडते. मूल ‘करोमि’ बरोबर लिहितं आणि त्याच ओघात ‘करोवः, करोमः’ लिहून मोकळं होतं. शिक्षक लाल शाईने दोन्ही खोडतात, वर ‘कुर्वः, कुर्मः’ लिहितात आणि उद्या पाठ करून यायला सांगतात. पण मुलाचं तसं चुकलं कुठे? ‘गच्छामि, गच्छावः, गच्छामः’ असं त्याला आधी शिकवलं होतं. तिथे एक अंग घेऊन पुढे मि, वः, मः जोडत गेलं की काम होत होतं. त्याने इथेही तेच केलं. मग ‘करो’चं ‘कुर्’ का होतं? आणि झालंच, तर ‘करोमि’मध्ये का होत नाही?

या प्रश्नाला चोख उत्तर आहे आणि ते एका अक्षरात मावतं. ते अक्षर रूपात कुठेच ऐकू येत नाही, म्हणून वर्गातही बहुधा त्याचा उल्लेख होत नाही. ते समजलं की पाठांतर संपत नाही, पण निम्म्याहून हलकं होतं.

आधी नऊ घरांची ओळख करून घेऊ. संस्कृतात क्रियापदाला तीन पुरुष आणि प्रत्येक पुरुषाला तीन वचनं, म्हणून एका काळात नऊ रूपं. मराठी मुलांना यातल्या दोन गोष्टी नव्या असतात. एक म्हणजे द्विवचन: दोन मुलं जात असतील तर ‘बालकौ गच्छतः’ म्हणायचं, ‘गच्छन्ति’ नाही. दुसरी गोष्ट उलट सोयीची आहे. मराठीत मुलगा जातो आणि मुलगी जाते, म्हणजे क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं. संस्कृतातल्या या रूपांना लिंगाशी देणंघेणं नाही. बालकः गच्छति आणि बालिका गच्छति. त्यामुळे नऊ घरं म्हणजे नऊच.

पुरुषांच्या नावांचा मात्र घोळ होतो आणि तो इथेच मिटवलेला बरा. मराठी व्याकरणात प्रथमपुरुष म्हणजे मी. संस्कृतच्या परंपरेत प्रथमपुरुष म्हणजे तो, मध्यमपुरुष म्हणजे तू आणि उत्तमपुरुष म्हणजे मी. पाठशाळेतला विद्यार्थी ‘गच्छति, गच्छतः, गच्छन्ति’ असा तिथून उतरत ‘गच्छामि’कडे येतो. शाळेतली बरीच मुलं ‘गच्छामि’पासून सुरुवात करतात, कारण शालेय पुस्तकांनी इंग्रजी व्याकरणाचा क्रम घेतला. दोन्ही क्रमांत रूपं तीच. मी इथे पाठशाळेचा क्रम ठेवतो, कारण ज्या अक्षराबद्दल बोलायचं आहे ते त्या परंपरेतूनच आलेलं आहे.

आता एक धातू घेऊ. ‘कृष्’. हा मुद्दाम निवडला आहे, कारण हा एकच धातू दोन गणांत चालतो. पहिल्या गणात त्याचं रूप ‘कर्षति’ होतं आणि त्याचा अर्थ बहुधा ओढतो असा असतो. सहाव्या गणात ‘कृषति’ होतं आणि तिथे अर्थ बहुधा नांगरतो असा. कृषी आणि आकर्षण हे दोन मराठी शब्द शेजारी ठेवले तर हीच दोन रूपं दिसतील.

पहिल्या गणात काय घडतं ते पाहू. धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये एक तुकडा येतो, त्याला विकरण म्हणतात. पहिल्या गणाचं विकरण ‘अ’. हा ‘अ’ येताच धातूच्या स्वराला गुण होतो, म्हणजे इ-ई चा ए, उ-ऊ चा ओ आणि ऋ चा अर् होतो. कृष् चं कर्ष् झालं, त्याला अ लागला आणि ‘कर्ष’ हे अंग तयार झालं. आता नऊ प्रत्यय जोडायचे:

कर्षति, कर्षतः, कर्षन्ति
कर्षसि, कर्षथः, कर्षथ
कर्षामि, कर्षावः, कर्षामः

यात दोनच ठिकाणी लक्ष ठेवायचं असतं. म आणि व यांनी सुरू होणाऱ्या प्रत्ययाआधी अंगाचा शेवटचा अ दीर्घ होतो, म्हणून शेवटच्या ओळीत सगळीकडे ‘र्षा’. आणि ‘अन्ति’ जोडताना कर्ष मधला अ व अन्ति मधला अ असे दोन अ एकत्र येतात, तरी त्यांचा आ होत नाही. एकच अ उरतो. संधी नुकताच शिकलेली मुलं इथे ‘कर्षान्ति’ लिहितात. त्यांनी संधीचा नियम बरोबर लावलेला असतो, पण या जागी त्याला अपवाद आहे.

गुणाला एक मर्यादाही आहे. स्वर धातूच्या शेवटी असेल तर तो ऱ्हस्व असो की दीर्घ, गुण होतोच: नी चं ने, त्यापुढे अ आल्यावर नय, म्हणून नयति. पण स्वर धातूच्या मध्ये असेल तर तो ऱ्हस्व हवा आणि त्याच्यापुढे जोडाक्षर नको. म्हणून शुच् चं शोचति होतं, पण क्रीड् चं क्रीडति आणि निन्द् चं निन्दतिच राहतं.

आता सहावा गण. इथलं विकरणही ‘अ’च आहे. प्रत्यय तेच, दीर्घ होणं तेच, अन्ति जोडणं तेच. फक्त गुण होत नाही: कृषति, कृषतः, कृषन्ति. लिखति, मिलति, विशति, क्षिपति, स्पृशति ही शाळेतली नेहमीची रूपं याच गणातली. वहीत ‘लेखति’ दिसलं की समजावं, मुलाने लिख् धातू पहिल्या गणाचा समजून चालवला आहे.

पण दोन्ही गणांत अ हाच तुकडा येत असेल, तर एकाने गुण व्हावा आणि दुसऱ्याने होऊ नये, असं का? इथे पाणिनीकडे जावं लागतं. त्याने पहिल्या गणाच्या अ ला नाव दिलं ‘शप्’ आणि सहाव्या गणाच्या अ ला ‘श’. श् आणि प् ही त्या अ वर लावलेली चिन्हं आहेत. त्यांना इत् म्हणतात. रूप तयार होताना ती गळून पडतात. शिंपी कापडावर खडूने खुणा करतो, त्या पाहून कात्री चालवतो आणि शिवलेल्या कपड्यावर त्या खुणा राहत नाहीत. इत् वर्णांचं काम तसंच आहे. शप् वर प् ची खूण आहे, श वर नाही. आणि नियम असा, की या जातीच्या प्रत्ययांपैकी ज्याच्यावर प् ची खूण नाही, त्याच्यामुळे त्याच्या लगतच्या आधीच्या स्वराला गुण होत नाही. कर्षति आणि कृषति यांतला सगळा फरक या एका न उच्चारलेल्या प् चा आहे.

चौथ्या गणाचं विकरण ‘श्यन्’. श् आणि न् गळाले की ‘य’ उरतो. खुणांमध्ये प् नाही, म्हणून गुण नाही: नृत्यति, नर्त्यति नाही. पहिल्या गणात ‘बोधति’ म्हणणारा बुध् चौथ्या गणात ‘बुध्यते’ होतो, तोही याच कारणाने.

आता खरी गंमत नऊ प्रत्ययांची. शाळेत ते ति, तः, अन्ति असे शिकवतात. पाणिनीने ते दिले ते असे: तिप्, तस्, झि, सिप्, थस्, थ, मिप्, वस्, मस्. यांत झि चं पुढे अन्ति होतं आणि शेवटच्या स् चा विसर्ग होतो. आता प् कुठे आहे ते पाहा. तिप्, सिप्, मिप्. तिन्ही पुरुषांच्या एकवचनात आहे आणि उरलेल्या सहा घरांत कुठेही नाही. म्हणजे नऊ घरांची पाटी तीन आणि सहा अशी विभागली गेली आहे. एकवचनाच्या तीन घरांत गुणाला वाव आहे, द्विवचन-बहुवचनाच्या सहा घरांत नाही.

गम् किंवा लिख् चालवताना ही विभागणी दिसत नाही, कारण प्रत्यय आणि धातू यांच्यामध्ये विकरणाचा अ उभा असतो. धातूच्या लगत तो अ असतो, म्हणून गुण होणार की नाही हे तो ठरवतो आणि नऊही घरांत एकच निकाल लागतो. अंग एकदा तयार केलं की ते शेवटपर्यंत पुरतं. पहिला, चौथा, सहावा आणि दहावा हे चार गण असे एका अंगाचे आहेत आणि शाळेत आरंभी तेच शिकवतात. मुलाला वाटू लागतं की धातू चालवणं म्हणजे एवढंच. मग कृ आणि अस् येतात आणि त्याचा हिशेब मोडतो.

हा अ जिथे मध्ये येत नाही असा सगळ्यात लहान धातू घेऊ. ‘इ’ म्हणजे जाणे, दुसरा गण. दुसऱ्या गणात विकरणाचा लोप होतो, म्हणजे प्रत्यय थेट धातूला भिडतो. तिप् वर प् आहे, म्हणून इ चा ए: एति. तस् वर नाही, म्हणून इतः. अन्ति पुढे इ चा य्: यन्ति. पूर्ण पाटी अशी:

एति, इतः, यन्ति
एषि, इथः, इथ
एमि, इवः, इमः

ए फक्त पहिल्या उभ्या रांगेत आहे. ‘एषि’ मध्ये स चा ष झाला आहे, कारण अ-आ सोडून इतर स्वरापुढे प्रत्ययाचा स मूर्धन्य होतो. करोषि मध्येही तेच.

पाचव्या गणात हीच गोष्ट एका पायरीने पुढे सरकते. ‘चि’ म्हणजे गोळा करणे. विकरण ‘श्नु’, उरतो नु. श्नु वर प् नाही, म्हणून चि चा चे होत नाही. पण नु च्या पुढे जेव्हा तिप् येतो तेव्हा नु ला गुण होऊन नो होतो: चिनोति. तस् पुढे चिनुतः, अन्ति पुढे चिन्वन्ति. प्रत्येक तुकडा फक्त आपल्या लगतच्या आधीच्या तुकड्यावर परिणाम करतो, त्याच्या पलीकडे त्याचा हात पोचत नाही. चिनोति हा एकच शब्द नीट फोडून पाहिला तर ही व्यवस्था कशी चालते ते स्पष्ट दिसतं.

आता कृ कडे येऊ. आठव्या गणाचं विकरण ‘उ’. त्याच्यावर श् ची खूण नाही, म्हणून तो शप्, श, श्नु यांच्या जातीचा नाही; प् नसला तरी त्याच्याआधी गुण होतो. कृ चं कर् झालं, कर् + उ. पुढे तिप् आला की उ चा ओ: करोति. सिप् आला: करोषि. मिप् आला: करोमि. तीन घरं झाली. उरलेल्या सहा घरांत उ चा ओ होणार नाही, हे आता आपण आधीच सांगू शकतो. शिवाय त्या सहा घरांत कृ चा एक खास नियम लागतो: कर् मधल्या अ चा उ होतो. म्हणून कुरुतः, कुरुथः, कुरुथ. अन्ति पुढे उ चा व्: कुर्वन्ति. आणि व-म पुढे तो उ अजिबात राहत नाही: कुर्वः, कुर्मः.

करोति, कुरुतः, कुर्वन्ति
करोषि, कुरुथः, कुरुथ
करोमि, कुर्वः, कुर्मः

‘करोमः’ का चुकतं ते आता सांगता येतं. करो हे अंग प् असलेल्या तीन घरांपुरतंच तयार होतं; मस् वर प् नाही. ‘कुरुमः’ लिहिणारं मूल त्याच्या एक पायरी पुढे आलेलं असतं. त्याला विभागणी कळली आहे, फक्त म च्या आधी उ जातो हे राहिलं आहे. वही तपासताना या दोन चुका एकसारख्या धरू नयेत, असं मला फार वाटतं.

अस् चं चित्र आणखी सोपं आहे. प् नसलेल्या सहा घरांत त्याचा अ जातो. म्हणून अस्ति, पण स्तः आणि सन्ति; असि, पण स्थः आणि स्थ; अस्मि, पण स्वः आणि स्मः. ‘असि’ मध्ये दोन स होते, त्यातला एक लोपला. ‘वयम् अस्मः’ ही नेहमीची चूक या विभागणीने लगेच पकडता येते.

पण एकवचनालाच हा मान का मिळाला? याचं कारण स्वराघातात आहे. वैदिक संस्कृतात बहुतेक शब्दांतलं एखादं अक्षर उदात्त, म्हणजे उंच स्वरात उच्चारलं जाई. पाणिनी सांगतो की प् ची खूण असलेले प्रत्यय अनुदात्त असतात, त्यांच्यावर जोर येत नाही. मग जोर मागे धातूवर किंवा विकरणावर राहतो आणि जोर असलेलं अक्षर भरदार होतं: एमि मध्ये ए उदात्त, करोति मध्ये ओ उदात्त. उलट ‘इमः’ मध्ये उदात्त शेवटी जातो आणि मागचा इ ऱ्हस्वच राहतो. अस् वरचा जोर गेला की त्याचा अ पार गळून जातो. कर्षति आणि कृषति मध्येही वेदात हाच फरक ऐकू येतो: पहिल्यात उदात्त ‘क’ वर, दुसऱ्यात ‘ष’ वर. पाणिनीचा एक प् स्वर आणि गुण अशी दोन्ही कामं करतो, कारण भाषेत ती दोन्ही एकमेकांना बांधलेली होती. हा मेळ सगळीकडे बसत नाही. चौथ्या गणात ‘नृत्यति’चा उदात्त धातूवर असूनही गुण नाही. पण दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या गणांत तो बहुतेक जागी स्वच्छ दिसतो.

ही जोडी संस्कृतपुरती नाही. आपण अस्ति-सन्ति म्हणतो, तर लॅटिनमध्ये एस्त-सुन्त आहे आणि आजच्या जर्मनमध्ये इस्ट-झिंट. तिन्हीकडे एकवचनात सुरुवातीचा स्वर आहे आणि बहुवचनात तो नाही. या भाषा एका घराण्यातल्या आहेत आणि त्या घराण्याची जुनी लकब शाळकरी मुलाच्या वहीतल्या अस् च्या रूपांत अजून टिकून आहे.

प् ने सगळं सुटतं असं मात्र नाही. गम् चं गच्छ, दृश् चं पश्य, स्था चं तिष्ठ, पा चं पिब हे आदेश लक्षातच ठेवावे लागतात. कोणता धातू कोणत्या गणात, हेही पाठच करायला हवं. लिख् सहाव्या गणातला आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. तिसऱ्या गणात धातूचं द्वित्व होतं आणि झि चं अन्ति न होता अति होतं. म्हणून दा चं रूप ‘ददति’ असं होतं, आणि ते एकवचनी ‘ददाति’शी गल्लत करायला लावतं. आज्ञार्थात प् ची वाटणी थोडी वेगळी आहे. तिथे उत्तमपुरुषाची तिन्ही रूपं भरदार असतात: करवाणि, करवाव, करवाम. आत्मनेपदाचे नऊ प्रत्यय वेगळे आणि त्यांतल्या एकावरही वर्तमानकाळात प् नाही. म्हणून ‘कुरुते, कुर्वाते, कुर्वते’ असे तिन्हीकडे कुर् च दिसतं.

शिक्षकांना एक विनंती आहे. कृ किंवा अस् शिकवताना फळ्यावर नऊ घरांची पाटी काढा आणि एकवचनाच्या तीन घरांच्या कोपऱ्यात छोटा प् लिहा. पाणिनीचं नाव सांगायची गरज नाही, सूत्र सांगायची तर मुळीच नाही. मग मुलांना ‘ब्रू’ द्या आणि ब्रवीति, ब्रूतः, ब्रुवन्ति. ब्रवीषि, ब्रूथः, ब्रूथ. ब्रवीमि, ब्रूवः, ब्रूमः ही रूपं त्या पाटीत भरायला सांगा. ‘वी’ कोणत्या घरांत आला, हे त्यांनाच शोधू द्या.